व्हिडिओ नक्की कुठं बघितला जातोय? यूट्यूबचे दोन रिपोर्ट वाचताना

दहावीला गणित शिकवणाऱ्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या चॅनलचं तांत्रिक काम मी बघते. "अगं, व्ह्यूज दीडपट झाले आणि बघण्याची सरासरी मात्र खाली आली. मुलांना कंटाळा यायला लागलाय का? पुढचे व्हिडिओ दहा मिनिटांत संपवू का?"

मी म्हटलं, "बाई, आत्ताच काही कापू नका. आधी कोण कुठं बघतंय ते पाहू."

तेव्हा आम्ही जे पाहिलं तेच इथं सविस्तर लिहिते. आकडे मी गोल करून, हिशोबाला सोपे जातील असे मांडलेत, त्यामुळं ते एक उदाहरण म्हणूनच वाचा. वाचण्याची पद्धत मात्र कुठल्याही चॅनलला जशीच्या तशी लागू पडते.

व्हिडिओ भूमितीतल्या 'वर्तुळ' या प्रकरणावरचा, स्पर्शिका आणि छेदिकेच्या प्रमेयाचा. लांबी २० मिनिटं. पांढरा फळा, बाई आणि समोर कॅमेरा. २८ दिवसांत १०,००० व्ह्यूज. सरासरी बघण्याचा वेळ ४ मिनिटं ३७ सेकंद.

आता रिपोर्ट कुठं असतात ते सांगते. कॉम्प्युटरवर `studio.youtube.com` उघडायचं, डावीकडं `Analytics` आणि तिथून `Advanced mode`. फोनवरच्या स्टुडिओ अ‍ॅपमध्ये इतक्या खोलात जाता येत नाही, म्हणून हे काम कॉम्प्युटरवरच करावं. आत गेल्यावर तक्त्याच्या वर नावांची एक रांग दिसते. तिच्यात `Device type` आणि `Playback location` ही दोन नावं शोधायची. समोर दिसली नाहीत तर `More` मध्ये असतात.

ही दोन नावं कानाला सारखी वाटतात, पण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. `Device type` विचारतो, कुठल्या यंत्रावर बघितलं? फोन, कॉम्प्युटर, टीव्ही, टॅब्लेट की गेम कन्सोल. `Playback location` विचारतो, व्हिडिओ चालला तेव्हा त्याचा प्लेअर कुठं होता? यूट्यूबच्या स्वतःच्या पानावर किंवा अ‍ॅपमध्ये, चॅनलच्या पानावर, की दुसऱ्याच कुणाच्या वेबसाइटवर बसवलेल्या चौकटीत. एकच मुलगी फोनवरून शाळेच्या वेबसाइटवरचा व्हिडिओ बघते, तेव्हा पहिल्या रिपोर्टात ती 'फोन' मध्ये मोजली जाते आणि दुसऱ्यात 'बाहेरची वेबसाइट' मध्ये. दोन्ही खरंच आहे.

हा घोळ जुना आहे, आणि त्याला कारणही आहे. पूर्वी `Playback location` मध्येच 'मोबाइल' असा एक रकाना होता, म्हणजे जागा आणि यंत्र एकाच यादीत मिसळलेले. १० सप्टेंबर २०१५ पासून यूट्यूबनं तो रकाना वापरणं बंद केलं. तेव्हापासून यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये पाहिलेले व्हिडिओही `YouTube watch page` मध्येच मोजले जातात. या नावात 'पान' आहे म्हणून अनेकांना वाटतं, हे फक्त ब्राउझरवाले. तसं नाही. अनेक चॅनलना हा आकडा सगळ्यात मोठा दिसतो तो त्यामुळंच, आणि मग लोक "यात काही विशेष नाही" म्हणून रिपोर्ट बंद करतात. विशेष असतं ते उरलेल्या थोड्या भागात.

आधी यंत्रांचा तक्ता घेऊ.

| यंत्र | व्ह्यूज | सरासरी वेळ (मिनिटं) | एकूण मिनिटं |
|---|---|---|---|
| फोन | ७,८०० | ३:३० | २७,३०० |
| टीव्ही | १,००० | ११:०० | ११,००० |
| कॉम्प्युटर | ९०० | ७:०० | ६,३०० |
| टॅब्लेट | ३०० | ५:०० | १,५०० |

फक्त व्ह्यूजचा रकाना बघितला तर टीव्ही म्हणजे शंभरात दहा, सोडून द्यावा असा. पण शेवटचा रकाना बघा. एकूण ४६,१०० मिनिटांपैकी ११,००० मिनिटं टीव्हीची, म्हणजे जवळपास २४ टक्के. फोनचे व्ह्यूज ७८ टक्के, पण मिनिटं ५९ टक्केच. म्हणून हा रिपोर्ट उघडला की पहिलं काम करायचं ते म्हणजे व्ह्यूजऐवजी `Watch time` वर रांग लावायची. व्ह्यूजमुळं किती वेळा दार उघडलं ते कळतं. आत येऊन किती वेळ बसले ते मिनिटांवरून कळतं.

आता बाईंची काळजी. सरासरी का पडली?

पुढच्या २८ दिवसांत त्यांच्या व्हिडिओची लिंक पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून बरीच फिरली. फोनवरचे व्ह्यूज ७,८०० वरून १३,००० वर गेले. फोनवर बघणारे पूर्वीसारखेच साडेतीन मिनिटं बघत होते. टीव्ही, कॉम्प्युटर, टॅब्लेट या तीन ओळी तिथल्या तिथं राहिल्या. म्हणजे फोनची ४५,५०० मिनिटं अधिक बाकीची १८,८०० मिनिटं, मिळून ६४,३००. भागिले १५,२०० व्ह्यूज. उत्तर येतं ४ मिनिटं १४ सेकंद.

सरासरी २३ सेकंदांनी पडली आणि एकाही प्रकारच्या प्रेक्षकानं एक सेकंदसुद्धा कमी बघितलं नाही. गर्दीतलं प्रमाण बदललं, इतकंच. वर्गात उंच मुलं तितकीच राहिली आणि बुटकी मुलं जास्त आली तर सरासरी उंची घटते, कुणी आखूड होत नाही. बाई गणिताच्याच, त्यामुळं एवढं ऐकताच त्या म्हणाल्या, "म्हणजे भारित सरासरी! अगं हे मीच शिकवते की." यावर विसंबून व्हिडिओ दहा मिनिटांचे केले असते, तर टीव्हीवर अकरा मिनिटं बसणाऱ्यांच्या पुढ्यातलं ताट आपण अर्ध्यावर उचललं असतं.

यासाठी एक सवय लावून घ्यावी. एकूण सरासरी हलली की लगेच `Device type` उघडायचा आणि प्रत्येक ओळ तिच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी ताडायची. फोन फोनशी, टीव्ही टीव्हीशी. ओळीच्या आतला आकडा बदलला असेल तरच व्हिडिओत काहीतरी झालंय असं समजायचं.

चॅनलवर शॉर्ट्सही टाकत असाल तर त्याआधी एक गाळणी, म्हणजे `Filter`, लावावी लागते. शॉर्ट्स बहुतांशी फोनवरच बघितले जातात, आणि ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की लगेच व्ह्यू मोजला जातो, किमान काही सेकंद बघण्याची अट नाही. पूर्ण चॅनलचा तक्ता काढला तर शॉर्ट्सच्या लोंढ्यात फोनची ओळ फुगते आणि टीव्हीची ओळ नाहीशी झाल्यासारखी दिसते. म्हणून गाळणीत फक्त मोठ्या लांबीचे व्हिडिओ ठेवायचे, किंवा बाईंसारखा एकच व्हिडिओ निवडायचा.

आता कॉम्प्युटरच्या ओळीकडं वळते. मला सगळ्यात जास्त या ओळीनं शिकवलं. ९०० व्ह्यूज, सरासरी ७ मिनिटं. सरळ वाटतं, की कॉम्प्युटरवर बसलेला विद्यार्थी सात मिनिटं बघतो. पण असा विद्यार्थी प्रत्यक्षात कुणीच नव्हता.

`Advanced mode` मध्ये गाळणी लावून फक्त कॉम्प्युटर ठेवला आणि मग `Playback location` उघडला, म्हणजे एका रिपोर्टातून दुसऱ्यात डोकावलो. ९०० चे दोन ढीग झाले. ६०० व्ह्यूज `Embedded in external websites and apps` मध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइटवर बसवलेल्या चौकटीत, आणि त्यांची सरासरी ९ मिनिटं. उरलेले ३०० यूट्यूबच्या पानावर, त्यांची सरासरी ३ मिनिटं. पडताळून बघा, ६०० गुणिले ९ आणि ३०० गुणिले ३, बेरीज ६,३००. सात मिनिटं हा आकडा दोन अगदी वेगळ्या गर्दींच्या मधोमध पडला होता.

`Embedded` या नावावर क्लिक केलं की खाली वेबसाइटांची नावं येतात. बाईंच्या बाबतीत सगळ्यात वर एका शिक्षणसंस्थेची वेबसाइट होती. या संस्थेच्या अनेक शाळा आहेत, आणि कुणीतरी बाईंचा व्हिडिओ त्यांच्या 'दहावी सराव' पानावर लावला होता. बाईंना याची कल्पनाच नव्हती.

पण शाळेच्या वेबसाइटवर बघितलं म्हणजे शाळेतच बघितलं, असं म्हणता येत नाही. मुलं घरूनही उघडू शकतात. खात्री करायची एक साधी युक्ती आहे. तीच गाळणी तशीच ठेवायची, कॉम्प्युटर आणि बाहेरची वेबसाइट, आणि वरचा आलेख दिवसवार बघायचा. सोमवार ते शनिवार रोज साधारण २५ व्ह्यूज, रविवारी जवळजवळ जमिनीवर. चारही रविवार तसेच. घरचा प्रेक्षक रविवारी नाहीसा होत नाही, उलट वाढतो. दिवाळीच्या सुट्टीतला आलेख काढून बघितला, तिथंही सलग खड्डा. मग शंका उरली नाही. हा व्हिडिओ वर्गात किंवा संगणक कक्षात लागत होता.

मग व्ह्यूच्या आकड्याचा अर्थही बदलतो. रिपोर्ट यंत्र मोजतो, डोकी मोजत नाही. वर्गात लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडून शिक्षक एकदा व्हिडिओ लावतात, समोर चाळीस मुलं बसलेली असतात, आणि रिपोर्टात पडतो एक व्ह्यू, यंत्र कॉम्प्युटर. प्रोजेक्टर किंवा भिंतीवरचा पडदा रिपोर्टाला दिसतच नाही. त्या ६०० व्ह्यूजमागं नेमकी किती मुलं, हे कुठलाही रिपोर्ट सांगणार नाही. पण त्यातले निम्मे जरी वर्गातले धरले, तरी दहा हजारांच्या तक्त्यातली ही छोटीशी ओळ बाईंचा सगळ्यात मोठा प्रेक्षकवर्ग ठरू शकते. बाई हे ऐकून थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत.

टीव्हीच्या ओळीला हीच युक्ती लावली. तिथं उलटं निघालं. रविवारी ५५ च्या आसपास, इतर दिवशी ३२-३३. म्हणजे हा घरचा टीव्ही. अकरा मिनिटांची सरासरीही त्याला जुळते, कारण रिमोट हातात घेऊन मधेच दुसरीकडं जाणं फोनवर अंगठा फिरवण्याइतकं सोपं नसतं, आणि शेजारी आई-बाबा बसलेले असतात.

टीव्हीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ 'पाठवायचे' दोन मार्ग आहेत. यूट्यूब अ‍ॅपमधलं कास्टचं चिन्ह दाबलं तर व्हिडिओ टीव्हीच स्वतः चालवतो आणि फोन फक्त रिमोटचं काम करतो. पण फोनचा अख्खा पडदाच टीव्हीवर दाखवला, ज्याला मिररिंग म्हणतात, तर व्हिडिओ फोनच चालवत असतो. यूट्यूबच्या लेखी तो फोनवरचाच प्रेक्षक. लॅपटॉपला वायरनं टीव्ही जोडला तर तो कॉम्प्युटर. म्हणजे टीव्हीची ओळ बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा थोडी कमीच सांगते. `Operating system` नावाचा तिसरा रिपोर्ट इथं मदतीला येतो. तिथं अँड्रॉइड, आयओएस, विंडोज यांच्या जोडीला स्मार्ट टीव्हीच्या आणि क्रोमकास्टच्या वेगळ्या ओळी मिळू शकतात. ग्रामीण भागातला प्रेक्षक असेल तर त्याच यादीत कायओएस दिसतं का तेही बघावं. जिओफोन २०१७ मध्ये याच प्रणालीवर आला. तो पडदा इतका लहान की फळ्यावरचं काही वाचता येणं कठीण, तिथं शिक्षकाचा आवाजच सगळं शिकवतो.

आता या माहितीचं करायचं काय? बाईंच्या व्हिडिओत आम्ही एकच गोष्ट हातात घेतली, अक्षराचा आकार. तो हिशोब इथं पूर्ण देते, कारण तो कुणालाही घरी फूटपट्टी घेऊन करता येतो.

बाईंचा फळा कॅमेऱ्यात वरपासून खालपर्यंत साधारण १२० सेंटिमीटर दिसायचा. त्यावर त्या ६ सेंटिमीटरचं अक्षर काढायच्या. म्हणजे अक्षर चौकटीच्या उंचीच्या विसाव्या भागाएवढं. आता फोन उभा धरला की पडद्याची रुंदी सुमारे ७ सेंटिमीटर, व्हिडिओचं प्रमाण १६ ला ९, म्हणून चित्राची उंची ४ सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी. त्याचा विसावा भाग २ मिलिमीटर. फोन डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर असतो. अक्षर आणि अंतर यांचं गुणोत्तर झालं १ ला १५०.

घरचा ४३ इंची टीव्ही घ्या. त्याच्या चित्राची उंची साधारण साडेत्रेपन्न सेंटिमीटर, विसावा भाग २.७ सेंटिमीटर. तीन मीटरवरून बघितलं तर गुणोत्तर १ ला ११०. म्हणजे टीव्हीवर अक्षर फोनपेक्षा मोठं भासतं.

आणि वर्ग? प्रोजेक्टरचं चित्र सहा फूट, म्हणजे १८० सेंटिमीटर रुंद धरलं तर उंची १ मीटरच्या थोडी वर. अक्षर ५ सेंटिमीटरचं. शेवटचा बाक ७ मीटरवर. गुणोत्तर १ ला १४०. म्हणजे हातातला फोन आणि वर्गातला शेवटचा बाक जवळपास सारख्याच अडचणीत आहेत. सहा फुटांचा पडदा आणि सात सेंटिमीटरचा पडदा एकाच ओळीत येऊन बसतात, हे कागदावर मांडेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

साधं अक्षर या गुणोत्तरात वाचता येतं. पण प्रमेय काय आहे बघा:

```
EA × EB = ET²
```

तो वरचा छोटा २ मुख्य अक्षराच्या निम्म्या आकाराचा. फोनवर तो १ मिलिमीटरचा उरतो. तो दिसला नाही तर मुलगा वहीत `EA × EB = ET` लिहून घेतो, आणि पुढचं प्रत्येक उदाहरण चुकतं. बाईंनी त्यांच्याच वर्गातल्या दोघांच्या वह्या काढून दाखवल्या, दोन्हीत वरचा २ गाळलेला. त्यांना इतके दिवस वाटत होतं, मुलं निष्काळजी आहेत.

उपाय सोपा निघाला. कॅमेरा पुढं घेतला, आता चौकटीत फळा फक्त ७० सेंटिमीटर उंच दिसतो. अक्षर तेवढंच, पण चौकटीच्या बाराव्या भागाएवढं झालं. फोनवर साडेतीन मिलिमीटरच्या जवळ. वरचा २ मुद्दाम ठसठशीत आणि मुख्य अक्षराच्या पाऊण आकाराचा काढायचा असं ठरलं. निळा मार्कर बंद करून काळा घेतला, कारण वर्गात खिडक्या उघड्या असतात आणि प्रोजेक्टरच्या उजेडात बारीक निळी रेघ विरून जाते. एका वेळी फळ्यावर मावतं कमी, म्हणून पुसावं जास्त लागतं. त्याबद्दल बाईंची कुरकूर अजून चालू आहे.

दुसरा बदल वर्कशीटचा. बाई सराव प्रश्नांची लिंक व्हिडिओखालच्या वर्णनात द्यायच्या आणि "खाली लिंक आहे" म्हणायच्या. यूट्यूबवर फोनवर बघणाऱ्याला ते ठीक. पण संस्थेच्या वेबसाइटवरच्या चौकटीत वर्णन दिसतच नाही, तिथं फक्त प्लेअर असतो. टीव्हीसमोर बसलेल्या मुलाला रिमोटनं वर्णन उघडून पीडीएफ उतरवता येत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त वेळ बसणाऱ्या दोन्ही गटांना वर्कशीट मिळतच नव्हती. आता शेवटची १५ सेकंद पडद्यावर मोठा क्यूआर कोड असतो, जो टीव्हीवरून फोननं टिपता येतो, आणि संस्थेला विनंती केल्यावर त्यांनी वर्कशीट त्यांच्याच पानावर व्हिडिओच्या शेजारी ठेवली.

संस्थेच्या माणसांनीही एक तक्रार सांगितली, की व्हिडिओ संपला की भलतेच व्हिडिओ सुचवले जातात. त्यासाठी चौकटीच्या पत्त्यात शेवटी `rel=0` घालता येतं. २५ सप्टेंबर २०१८ नंतर त्यानं सुचवण्या पूर्ण बंद होत नाहीत, पण ज्या येतात त्या त्याच चॅनलच्या येतात. बाईंच्या बाबतीत तेवढं पुरेसं होतं. चौकट अशी दिसते:

```html
<iframe width="560" height="315"
  src="https://www.youtube.com/embed/VIDEO_ID?rel=0"
  referrerpolicy="strict-origin-when-cross-origin"
  allowfullscreen></iframe>
```

यातली `referrerpolicy` ची ओळ काढू देऊ नका. आपण कुठल्या वेबसाइटवरून बोलतोय हे ब्राउझर यूट्यूबला या ओळीमुळं सांगतो. वेबसाइटनं ही ओळख लपवली तर रिपोर्टातल्या यादीत तिचं नाव येण्याची आशा कमीच. मात्र या धोरणात पुढं जातो तो फक्त वेबसाइटचा पत्ता, आतलं नेमकं पान नाही. म्हणून 'कुठल्या वेबसाइटवर' हे कळलं तरी 'कुठल्या पानावर' हे बऱ्याचदा त्यांनाच विचारावं लागतं.

बाहेरच्या वेबसाइटांचा हिशोब करताना अजून दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, `Traffic source` रिपोर्टात `External` नावाची ओळ असते आणि लोक तिलाच 'बाहेर बघितलेले व्ह्यूज' समजतात. त्या ओळीत दोन्ही प्रकार येतात, बाहेर बसवलेल्या चौकटीत बघणारे आणि बाहेरच्या लिंकवर टिचकी मारून यूट्यूबवर आलेले. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकवरून यूट्यूब अ‍ॅप उघडलेला पालक तिथं `External` मध्ये आहे, पण `Playback location` मध्ये तो `YouTube watch page` मध्ये आहे. माणूस कुठून आला आणि कुठं बसून बघितलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर फक्त `Playback location` देतो. दोन, चौकट पान उघडताच आपोआप सुरू होईल अशी लावली असेल तर ते बघणं व्ह्यूमध्ये धरलं जात नाही. एखाद्या संस्थेनं "आमच्या पहिल्याच पानावर तुमचा व्हिडिओ आहे" म्हटलं आणि तुमच्या यादीत तिचे व्ह्यूज अगदीच थोडे असतील, तर आधी हे तपासा.

बाहेरच्या चौकटीला `Impressions` ही मोजले जात नाहीत, ते यूट्यूबवर दाखवलेल्या थंबनेलचेच असतात. म्हणून बाई थंबनेल बदलून "शाळांमध्ये जास्त लागतोय का" असं बघायला लागल्या तेव्हा मी थांबवलं. शिक्षकानं व्हिडिओ लावायचं कालच ठरवलेलं असतं.

लहान चॅनलवाल्यांनी एक पथ्य पाळावं. टीव्हीच्या ओळीत १४ व्ह्यूज असतील तर त्यांच्या सरासरीवरून काही ठरवू नये. एका घरात जेवताना व्हिडिओ चालू राहिला तरी तो आकडा लगेच हलतो. अशा वेळी २८ दिवसांऐवजी ९० दिवस घ्यावेत, किंवा एकाच विषयाचे पाच-सहा व्हिडिओ गटात टाकून एकत्र बघावेत. रिपोर्ट भरायलाही दोन-तीन दिवस लागतात, म्हणून कालचा व्हिडिओ आज उघडून बघू नये. आणि दिवसवार आलेख वाचताना लक्षात असू द्या, यूट्यूबचा दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार बदलतो, म्हणजे आपल्याकडं दुपारी साडेबारा किंवा दीडच्या सुमारास. आपल्या शनिवारची सकाळ रिपोर्टात शुक्रवारी पडते. बाईंचा रविवारचा खड्डा म्हणूनच काठाकाठानं थोडा पसरट दिसत होता, कारण आपल्या सोमवार सकाळचे व्ह्यूजही रिपोर्टातल्या रविवारीच मोजले जात होते.

कॅमेरा पुढं घेतल्यानंतरचा पहिला व्हिडिओ, 'वर्तुळ' मधलाच, पुन्हा २० मिनिटांच्या आसपास ठेवलाय, म्हणजे तुलना सरळ होईल. २८ दिवस झाले की आम्ही एकूण सरासरी बघणार नाही. फोनची ओळ साडेतीन मिनिटांच्या वर गेली का आणि कॉम्प्युटरवरच्या बाहेरच्या चौकटीची ओळ नऊ मिनिटांवर टिकली का, एवढंच बघणार. त्याआधी बाईंनी संस्थेतल्या एका शिक्षकांना फोन करून विचारलं, मुलं शेवटच्या बाकावरून काय वाचतात. ते म्हणाले, "बाई, आता तो वरचा दोन दिसतो."